स्क्यूड डेटाचा मीन, मीडियन, मोड: पहिल्या असाइनमेंटमध्ये काढायचं कसं आणि लिहायचं काय

स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या असाइनमेंटमध्ये "मीन, मीडियन आणि मोड काढा" एवढंच असेल तर कॅल्क्युलेटर घेऊन बसलं की काम होऊन जातं, पण त्याच्या खाली जी दुसरी ओळ असते ना, "निकालाचा अर्थ लिहा", तिथे बहुतेकांचं पेन थांबतं. त्यातून डेटा स्क्यूड असला, म्हणजे एका बाजूला लांब शेपूट असलं, की तिन्ही आकडे एकमेकांपासून चांगलेच लांब येतात आणि मग आपलं कुठेतरी चुकलंय असं वाटायला लागतं. चुकलेलं नसतं. तिन्ही आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि त्यांच्यात एवढं अंतर का पडलं हे सांगणं म्हणजेच तुमचा निष्कर्ष. इथे एकच छोटा डेटा घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो, तुमच्या डेटावर हेच सगळं लावता येईल.

समजा वर्गातल्या १५ जणांना विचारलं की घरून कॉलेजला पोचायला किती मिनिटं लागतात, आणि उत्तरं या क्रमाने आली:

१२, २५, १०, ६४, १५, ८, २०, १०, ३०, १२, ९०, १८, १०, २२, १४

आधी लावून घ्या आणि चित्र काढा

पहिलं काम म्हणजे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावणं. कंटाळा येतो म्हणून हे टाळू नका, कारण पुढचं अर्ध काम यावरच उभं आहे.

८, १०, १०, १०, १२, १२, १४, १५, १८, २०, २२, २५, ३०, ६४, ९०

लावल्यावर परत मोजा, १५ भरले पाहिजेत. आकडे दोनदा येतात तेव्हा त्यातला एखादा सुटतो, आणि १४ आकड्यांवर केलेलं गणितही दिसायला अगदी व्यवस्थित दिसतं, त्यामुळे नंतर ही चूक सापडत नाही.

मग एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर ० ते १०० मिनिटं खुणा करा आणि प्रत्येक आकड्यासाठी एक ठिपका द्या, सारखे आकडे असतील तर ठिपक्यावर ठिपका. ८ ते ३० मध्ये ठिपक्यांची दाटी दिसेल, मग मोठी रिकामी जागा, मग एकटा ६४ आणि त्याच्याही पुढे एकटा ९०. हे जे उजवीकडे लांबलंय ते शेपूट, आणि शेपूट ज्या बाजूला त्या बाजूचं नाव स्क्यूला द्यायचं. म्हणजे हा डेटा उजवीकडे स्क्यूड आहे, यालाच पॉझिटिव्हली स्क्यूड म्हणतात. इथे हमखास उलटं लिहिलं जातं कारण गर्दी डावीकडे दिसते म्हणून डोकं "डावीकडे" म्हणतं. गर्दीकडे बघायचंच नाही, शेपूट शोधायचं.

मीन

सगळ्यांची बेरीज करा आणि संख्येने भागा. इथे बेरीज ३६० येते, ३६० भागिले १५ म्हणजे २४. मीन २४ मिनिटं.

आता लगेच पुढे जाऊ नका, लावलेल्या यादीत २४ कुठे बसतो ते बघा. २२ आणि २५ च्या मधे. म्हणजे १५ पैकी ११ जणांना मीनपेक्षा कमी वेळ लागतो आणि फक्त ४ जणांना जास्त. "सरासरी विद्यार्थ्याला २४ मिनिटं लागतात" असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं निम्मे इकडे निम्मे तिकडे असतील, आणि ते इथे साफ चुकीचं आहे. मीन हा तोल सांभाळणारा बिंदू आहे, सी-सॉवर लांब टोकाला बसलेलं एक मूल जसं मधल्या चार मुलांना उचलतं तसं ९० चं अंतर मीनपासून एवढं मोठं आहे (६६ मिनिटं) की त्याचा तोल राखायला अलीकडच्या कितीतरी लहान अंतरांची बेरीज लागते. म्हणून मीन शेपटाकडे सरकतो.

किती सरकतो ते बघायचं असेल तर ६४ आणि ९० थोडा वेळ झाकून ठेवा. उरलेल्या १३ जणांची बेरीज २०६, मीन जवळपास १५.८. दोन जणांनी मीन आठ मिनिटांनी पुढे ढकलला होता. मीडियन मात्र दोघांना झाकल्यावर १५ वरून फक्त १४ वर येतो. ही झाकून बघायची गोष्ट असाइनमेंटमध्ये दोन ओळीत लिहिलीत तर तपासणाऱ्याला कळतं की तुम्हाला नुसता फॉर्म्युला नाही तर त्यामागचं कारणही माहीत आहे. पण फक्त झाकून बघायचं हं, डेटामधून कायमचं काढायचं नाही, त्याबद्दल खाली बोलतो.

मीडियन

लावलेल्या यादीतला मधला आकडा. संख्या विषम असेल तर जागा काढायची (n + 1) / 2 ने, इथे १६ भागिले २ म्हणजे ८. आठवा आकडा १५, म्हणून मीडियन १५ मिनिटं. लक्षात ठेवा, ८ ही जागा आहे, उत्तर नाही. घाईत "मीडियन ८" असं लिहिलं जातं, आणि आपल्या डेटात ८ मिनिटं हा आकडाही खरोखर आहे, त्यामुळे चूक डोळ्याला टोचतसुद्धा नाही.

दुसरी चूक म्हणजे न लावलेल्या यादीतला मधला आकडा उचलणं. वर मूळ क्रमात आठवा आकडा १० आहे, तोच मीडियन समजून लिहिला तर तो योगायोगाने मोडइतकाच येतो आणि उलट सगळं छान जुळतंय असं वाटतं. तपासायची युक्ती सोपी आहे, मीडियन काढल्यावर त्याच्यापेक्षा लहान किती आणि मोठे किती ते मोजा, दोन्हीकडे सारखे यायला हवेत. इथे १५ च्या खाली ७ आणि वर ७, म्हणजे बरोबर. (मीडियनएवढेच आकडे आणखी असतील तर मोजणी थोडी इकडेतिकडे होते, तेव्हा खाली निम्म्यापेक्षा जास्त नाहीत आणि वरही नाहीत एवढं बघा.)

संख्या सम असेल तर मधले दोन घ्यायचे आणि त्यांची सरासरी करायची. समजा सोळावा विद्यार्थी आला आणि त्याला १७ मिनिटं लागतात, तर आठवा आकडा १५ आणि नववा १७ होतो, मीडियन १६. यादीत १६ कुठेच नाही तरी चालतं, मीडियन यादीतला आकडा असलाच पाहिजे असं काही नाही.

मीडियनला शेवटचा आकडा किती मोठा आहे याने काही फरक पडत नाही, तो फक्त कितव्या जागेवर आहे एवढंच बघतो. टाइप करताना ९० चे चुकून ९०० झाले तर मीन एकदम ७८ होतो आणि मीडियन तसाच १५ राहतो. म्हणून मीन आणि मीडियनमध्ये प्रचंड फरक दिसला की निष्कर्ष लिहायच्या आधी सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा मूळ कागदाशी जुळवून बघा, कधीकधी स्क्यू वगैरे काही नसतो, एक शून्य जास्त पडलेलं असतं.

मोड

सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा. १० तीनदा आलाय, १२ दोनदा, बाकी सगळे एकेकदा. मोड १० मिनिटं. तीनदा आलाय म्हणून मोड "३" असं लिहायचं नाही, ३ ही त्याची वारंवारता झाली.

काढायला सगळ्यात सोपा आणि भरवसा ठेवायला सगळ्यात अवघड असा हा आकडा आहे, निदान छोट्या डेटात तरी. तीन दहापैकी एकाने नीट घड्याळ लावून १२ सांगितलं असतं तर मोड लगेच १० वरून १२ झाला असता, बाकी काहीही न बदलता. आणि लोक वेळ सांगताना काय करतात ते तुम्हालाही माहीत आहे, नऊ असो की अकरा, "दहा मिनिटं" म्हणून मोकळे होतात. म्हणजे मोड १० आला यात खरा प्रवास किती आणि आकडा गोल करून सांगायची सवय किती हे सांगता येत नाही. अंदाजाने सांगितलेले वेळ, वजनं, तास असा डेटा असेल तर हे वाक्य निष्कर्षात जरूर टाका, खऱ्या निरीक्षणातून आलेलं वाक्य आहे ते.

दोन आकडे सारख्याच वेळा आले तर दोन्ही मोड लिहायचे, आणि सगळे आकडे एकेकदाच आले असतील तर मोड नाही असं लिहायचं, शून्य लिहायचं नाही, कारण शून्य हा स्वतः एक आकडा आहे.

स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर

आकडे A2 पासून A16 पर्यंत टाकले असतील तर:

```
=COUNT(A2:A16)
=AVERAGE(A2:A16)
=MEDIAN(A2:A16)
=MODE(A2:A16)
```

यातला पहिला COUNT कोणी करत नाही आणि खरं तर तोच सगळ्यात आधी करायला हवा. एखाद्या सेलमध्ये "१२ मिनिटं" असं शब्दासकट टाइप झालं असेल तर ती सेल आकडा म्हणून धरलीच जात नाही, AVERAGE तिला गुपचूप सोडून देतो आणि कुठलाही एरर न दाखवता चुकीचा मीन देतो. COUNT १५ च्या जागी १४ आला की लगेच कळतं. तसंच ज्याने उत्तर दिलं नाही त्याची सेल रिकामी ठेवा, तिथे 0 टाकू नका, नाहीतर तो माणूस शून्य मिनिटात कॉलेजला पोचतो असं गणित होईल आणि मीन, मीडियन दोन्ही खाली येतील. आणि MODE एकच उत्तर देतो, दोन मोड असले तरी, त्यामुळे मोड एकदा डोळ्यानेही तपासा.

तीन आकडे समोर आले, आता त्यांचं काय करायचं

मीन २४, मीडियन १५, मोड १०. मोठ्यापासून लहानाकडे मीन, मीडियन, मोड असा क्रम लागला. उजवीकडे स्क्यूड डेटात साधारण असाच क्रम दिसतो, आणि डावीकडे शेपूट असेल, उदाहरणार्थ सोप्या पेपरचे मार्क जिथे बहुतेकांना भरपूर आणि मोजक्यांना फारच कमी पडलेत, तिथे उलटा.

पण हा क्रम पाठ करून त्यावरून स्क्यू ठरवू नका, चित्रावरून ठरवा. हा छोटा डेटा बघा, दहा जणांच्या घरी किती मोबाईल आहेत: १, १, १, १, २, २, २, २, २, ५. शेपूट उजवीकडेच आहे, त्या ५ मुळे. मीन १.९ येतो आणि मीडियन २. म्हणजे उजवीकडे स्क्यूड असूनही मीन मीडियनपेक्षा लहान! असं का होतं, तर आकडे दोनतीनच वेगवेगळे आहेत, मीडियन एका मोठ्या ढिगावर बसलाय, आणि ढीग थोडा इकडचा तिकडे झाल्याशिवाय तो हलत नाही. मोजून आलेल्या छोट्या पूर्णांकांचा डेटा असला की हे होऊ शकतं, म्हणून क्रम हा इशारा समजायचा, पुरावा नाही.

अजून एक सापळा आहे आणि तो नोट्समध्ये छापलेला असतो म्हणून जास्त धोक्याचा: मोड = ३ × मीडियन − २ × मीन. आपल्या डेटावर लावून बघा. ३ × १५ म्हणजे ४५, २ × २४ म्हणजे ४८, उत्तर उणे ३. उणे तीन मिनिटात कोणी कॉलेजला पोचत नाही. फॉर्म्युला खोटा आहे असं नाही, तो अंदाजाचा आहे आणि डेटा हलकासाच स्क्यूड असतो, एकच उंचवटा असतो, तेव्हाच बऱ्यापैकी चालतो. शेपूट एवढं लांब असताना तो वापरायचा नाही. प्रश्नात "अनुभवजन्य सूत्र वापरून मोड काढा" असं स्पष्ट विचारलं असेल तरच लावा, आणि उत्तर अशक्य आलं तर ते तसंच सोडून न देता "डेटा जास्त स्क्यूड असल्यामुळे हे सूत्र इथे लागू पडत नाही" असं लिहा.

६४ आणि ९० चं काय करायचं

हे दोन आकडे काढून टाकले की सगळं सुटसुटीत होतं हे खरंय, पण असाइनमेंट सुटसुटीत करण्यासाठी माणसं गायब करता येत नाहीत. कोणीतरी खरंच लांबून येत असेल, आणि रोज दीड तास प्रवास करणारा विद्यार्थी वर्गात आहे ही या डेटातली कदाचित सगळ्यात महत्त्वाची माहिती असेल. काढायचं कधी, तर आकडा चुकीचा आहे याचा पुरावा असेल तेव्हा, म्हणजे टाइपिंगची चूक, किंवा त्याने जाऊन-येऊन वेळ सांगितला आणि बाकीच्यांनी फक्त जायचा. आणि काढला तर काढला म्हणून लिहायचं, कारणासकट. पुरावा नसेल तर ठेवा, आणि मीनच्या शेजारी मीडियन द्या, त्यासाठीच तो आहे.

मग रिपोर्टमध्ये कोणता द्यायचा

"डेटा स्क्यूड आहे म्हणून मीडियन बेस्ट" हे वाक्य सगळेच लिहितात आणि ते अर्धवट आहे. प्रश्न काय विचारलाय त्यावर ठरतं. "वर्गातल्या नेहमीच्या मुलाला किती वेळ लागतो" असा प्रश्न असेल तर मीडियन १५ द्या, कारण निम्म्या लोकांना त्याच्या आत आणि निम्म्यांना त्याच्या पुढे वेळ लागतो. पण "सगळा वर्ग मिळून एका वेळच्या प्रवासात किती वेळ घालवतो" असा प्रश्न असेल तर मीनच लागतो, २४ × १५ म्हणजे ३६० मिनिटं परत मिळतात. मीडियनला १५ ने गुणून २२५ येतात आणि त्या २२५ ला काहीच अर्थ नाही. एकूण खर्च, एकूण वेळ, एकूण पाणी, जिथे जिथे बेरीज महत्त्वाची तिथे डेटा कितीही स्क्यूड असला तरी मीन सोडता येत नाही. मोड खरा कामाचा ठरतो तो रंग, ब्लडग्रुप, प्रवासाचं साधन अशा प्रकारांच्या डेटात, जिथे बेरीज करताच येत नाही, आणि आपल्यासारख्या मिनिटांच्या डेटात तो जोडीला दिला तरी पुरे.

आता अर्थ लिहायची ओळ. बरेच जण असं लिहितात: "मीन २४, मीडियन १५, मोड १०, म्हणून डेटा पॉझिटिव्हली स्क्यूड आहे." यात एकक नाही, विद्यार्थी नाहीत, प्रवास नाही, हेच वाक्य कुठल्याही डेटाखाली चिकटवता येईल. त्याऐवजी असं काहीतरी लिहा:

"१५ विद्यार्थ्यांच्या प्रवासाच्या वेळेचा मीन २४ मिनिटं आणि मीडियन १५ मिनिटं आहे. निम्म्या विद्यार्थ्यांना १५ मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ लागतो, पण ६४ आणि ९० मिनिटं प्रवास करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांमुळे मीन वर ओढला गेला आहे, इतका की ११ विद्यार्थ्यांचा वेळ मीनपेक्षा कमी आहे. आलेखात शेपूट उजवीकडे आहे, म्हणजे डेटा उजवीकडे स्क्यूड आहे. नेहमीचा वेळ सांगण्यासाठी मीडियन जास्त योग्य वाटतो. मोड १० मिनिटं आहे, पण तो फक्त तीन उत्तरांवर आधारलेला आहे आणि विद्यार्थ्यांनी वेळ गोल करून सांगितलेली असू शकते."

यात प्रत्येक आकड्यामागे मिनिटं आहेत, कोणामुळे काय झालं ते आहे, आणि किती जणांबद्दल बोलतोय ते आहे. "निम्म्या विद्यार्थ्यांना १५ किंवा कमी" हे वाक्य तुमच्या डेटावर लिहिण्याआधी एकदा मोजून घ्या, इथे १५ पैकी ८ जण १५ किंवा त्याच्या आत येतात, त्यामुळे चालतं.

आणि डेटा तुम्हाला आधीच वर्गांतरात दिलेला असेल, ०-१०, १०-२० असा, तर उत्तरं थोडी वेगळी येतील म्हणून घाबरू नका. आपलेच १५ आकडे दहा-दहाच्या वर्गात टाकले (१० हा आकडा १०-२० मध्ये, २० हा २०-३० मध्ये) तर मीन साधारण २६.३ येतो आणि मीडियन साधारण १८.१, कारण गटात टाकताच मूळ आकडे हरवतात, मीन काढताना प्रत्येकाला वर्गाचा मध्य धरलं जातं आणि मीडियन काढताना वर्गातली माणसं सारख्या अंतरावर पसरली आहेत असं मानलं जातं. १०-२० च्या वर्गात आठ जण आहेत आणि त्यातले पाच १० ते १२ मध्येच दाटलेत, त्यांना १५ धरलं की मीन वर जाणारच. म्हणून मूळ आकडे हातात असतील तर मीन-मीडियन त्यांच्यावरूनच काढा, वर्गांतरं फक्त हिस्टोग्रामसाठी ठेवा, आणि वर्गांतरंच दिलेली असतील तर उत्तराच्या आधी "अंदाजे" हा शब्द लिहा.